चाळीस माणसं, बारा तुलना आणि एक सफाईदार उत्तर

मनोविकारशास्त्रातला शोधनिबंध नियतकालिकाकडून समीक्षेनंतर परत आला, की सोबतच्या शेऱ्यांमध्ये दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, नमुना लहान आहे. दोन, एकाच माहितीवर अनेक तुलना केल्या आहेत आणि त्यासाठी कोणतीही सांख्यिकीय दुरुस्ती केलेली नाही. मग लेखक उत्तराचं पत्र लिहायला बसतात. त्याचा साचा ठरलेला आहे. आधी समीक्षकांचे आभार, मग त्यांचा एकेक मुद्दा उतरवून त्याखाली आपलं उत्तर, शेवटी निबंधात कुठल्या पानावर काय बदललं त्याची नोंद. पत्र पटलं तर निबंध छापला जातो. मी इथे लिहितो आहे ते या पत्राबद्दल. वरच्या दोन मुद्द्यांना ते सुटी सुटी उत्तरं देतं, तीही बऱ्यापैकी पटण्यासारखी, आणि नेमका त्यामुळेच न छापण्याजोगा निष्कर्ष छापला जातो. हे आक्षेप मुळात दोन नाहीतच.

एक निबंध कल्पू या. त्यातले आकडे मी रचलेले असले तरी त्याची ठेवण या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. नैराश्याचे २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं. दोन्ही गटांच्या रक्तात दाह दाखवणारे १२ घटक मोजले: इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-आल्फा वगैरे. प्रत्येक घटकासाठी दोन गटांच्या सरासरींची तुलना केली. दहा घटकांत काही दिसलं नाही. दोघांत पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं: एकात ०.०११, दुसऱ्यात ०.०३४. पहिल्या घटकात गटांमधला फरक प्रमाण विचलनाच्या ०.८४ पट निघाला. निबंधाच्या शीर्षकात या दोन घटकांची नावं गेली, आणि सारांशाच्या शेवटच्या ओळीत ‘निदानासाठी उपयोगी ठरू शकतील’ हे शब्द गेले.

पहिल्या आक्षेपाला लेखकांचं नेहमीचं उत्तर असं असतं: नमुना लहान आहे हे मान्य, पण इतक्या लहान नमुन्यातही फरक लक्षणीय ठरला, म्हणजे तो चांगलाच मोठा असला पाहिजे. ऐकायला हे अगदी बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे, आणि ते हिशोबाने दाखवता येतं. प्रत्येक गटात २० माणसं असतील तर ०.०५ ची पातळी गाठायला फरक किमान ०.६४ प्रमाण विचलनं इतका दिसावा लागतो. त्याहून लहान दिसलेला फरक, तो खरा असला तरी, या अभ्यासात लक्षणीय ठरूच शकत नाही. म्हणजे या चाळणीतून जे खाली येईल ते मोठं दिसणारच. मोठेपणा चाळणीने दिलेला असतो, निसर्गाने नव्हे.

समजा, खरा फरक ०.३ आहे. मनोविकारांतल्या जैविक फरकांच्या मानाने हा काही क्षुल्लक आकडा नाही. असा फरक २०-२० माणसांत पकडला जाण्याची शक्यता सुमारे १५ टक्के. शंभर प्रयोगशाळांनी हाच अभ्यास केला तर पंधरा-एक जणांना तो सापडेल. पण सापडलेल्या या पंधरांनी छापलेल्या फरकांची सरासरी काढली तर ती ०.३ येणार नाही, ०.८ च्या आसपास येईल. आपल्या कल्पित निबंधातला ०.८४ आता पुन्हा पाहा. ज्या आकड्यावर लेखक मोठ्या परिणामाचा दावा उभा करत आहेत, तो आकडा लहान खऱ्या परिणामातून आणि लहान नमुन्यातून अगदी सहज निघू शकतो. त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.२ पासून १.५ पर्यंत पसरलेला आहे, तोही बाकीच्या अकरा तुलना विसरून काढलेला. हा अंतराल सारांशात कधी छापलेला दिसत नाही, हा काही योगायोग नसावा.

याच उत्तराला जोडून आणखी एक वाक्य येतं, आणि ते जास्त घातक आहे, कारण त्यात गणित आहे: ‘आम्ही अभ्यासानंतर सांख्यिकीय ताकद मोजली, ती ७४ टक्के आढळली.’ ताकद म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता, आणि ती अभ्यासाआधी ठरवायची असते, बाहेरून घेतलेल्या अपेक्षित फरकावरून. इथे लेखकांनी आपल्याच निकालातला ०.८४ हा खरा फरक मानला आणि तो सूत्रात घातला. असं केल्यावर उत्तर पी-मूल्यातूनच ठरतं. पी ०.०५ असेल तर ताकद जवळपास ५० टक्के येते, ०.०११ असेल तर ७४ टक्के. नवी माहिती काहीच नाही. तोच आकडा वेगळ्या कपड्यांत पुढे केला आहे. होएनिग आणि हायसी या दोघांनी २००१ मध्येच याची सविस्तर मांडणी केली आहे. तरी ही पश्चात ताकद अजून लिहिली जाते, आणि बऱ्याचदा ती समीक्षकानेच मागितलेली असते. दोष एकट्या लेखकांचा नाही.

आता दुसरा आक्षेप. बारा तुलना परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि एकाही घटकात खरा फरक नसेल, तरीही निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ४६ टक्के असते. नाणेफेकीपेक्षा थोडीच कमी. त्यावर सर्वांत साधी दुरुस्ती बॉनफेरोनीची: ०.०५ ला १२ ने भागा, म्हणजे उंबरठा ०.००४२ वर येतो. ०.०११ तिथे बसत नाही. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची १९९५ ची पद्धत सौम्य आहे, ती खोट्या शोधांचं प्रमाण आटोक्यात ठेवते. तिच्यानेही पहिल्या घटकाचं दुरुस्त मूल्य ०.१३ येतं आणि दुसऱ्याचं ०.२०. थोडक्यात, दुरुस्ती कोणतीही घ्या, निबंधाचं शीर्षक टिकत नाही.

इथे लेखक दोन नावं पुढे करतात. साथरोगशास्त्रज्ञ केनेथ रॉथमन यांनी १९९० मध्ये अशा दुरुस्त्यांची गरज नाही असं म्हटलं होतं, आणि पर्नेगर यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बॉनफेरोनीवर टीका केली होती. दोघांचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे. एका तुलनेचा अर्थ शेजारच्या तुलनांच्या संख्येवर का अवलंबून असावा, हा प्रश्न खरा आहे, आणि दुरुस्ती कडक केली की खरे फरकही निसटतात हेही खरं. पण रॉथमन यांच्या भूमिकेची किंमत असते. दुरुस्ती करायची नसेल तर सगळ्या तुलना सारख्याच ठळकपणे मांडाव्या लागतात आणि कोणत्याही एकीला निर्णायक म्हणता येत नाही. बारातले दोन उचलून शीर्षकात बसवायचे आणि मग रॉथमन यांचा हवाला द्यायचा, हे त्यांच्या भूमिकेत बसत नाही. हवाला दिला, अट मात्र वगळली.

दुसऱ्या उत्तराचा शेवट बहुधा असा होतो: ‘आमच्या मर्यादित नमुन्यात बॉनफेरोनी लावल्यास खरे फरक निसटण्याचा धोका फार वाढला असता, म्हणून आम्ही तो लावला नाही.’ हे वाक्य खरं आहे. ०.००४२ च्या उंबरठ्यावर २०-२० माणसांत ०.३ चा फरक सापडण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के उरते. पण आता पत्रातली दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. पहिल्या मुद्द्याखाली लेखक म्हणतात की आमचा नमुना पुरेसा होता, ताकद ७४ टक्के होती. दुसऱ्याखाली म्हणतात की आमचा नमुना इतका अपुरा आहे की योग्य चाचणी त्याला पेलवत नाही. दोन्ही एका वेळी खरं असू शकत नाही. पत्राची मांडणीच मुद्देसूद असल्यामुळे ही विसंगती डोळ्यांवर येत नाही. समीक्षक आपला पहिला मुद्दा निपटला का ते पाहतो, मग दुसरा निपटला का ते पाहतो. दोन समीक्षकांनी एकेक मुद्दा काढला असेल तर दोघांपैकी कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. ते पाहणं संपादकाचं काम, आणि संपादकाच्या टेबलावर त्या आठवड्यात असे बरेच निबंध असतात.

म्हणून मी म्हणतो की आक्षेप एकच आहे. ताकद कमी असली की खरे फरक क्वचित लक्षणीय ठरतात. तुलना बऱ्याच असल्या की खोटे फरक सहज लक्षणीय ठरतात. दोन्ही एकत्र आले की लक्षणीय निकालांच्या ढिगात खोट्यांचा वाटा वाढतो आणि खऱ्यांचा आकार फुगतो. यातल्या एका गोष्टीची सफाई दुसरीला वगळून देता येत नाही.

त्यातही ‘१२ तुलना’ हा आकडा लेखकांनी सांगितलेला असतो. रक्तातले दाहघटक मोजायला एकाच वेळी अनेक घटक मोजणारी किट वापरतात. २७ घटकांची किटं सर्रास मिळतात. कार्यपद्धतीच्या भागात किटचं नाव दिलेलं असतं, आणि त्या नावातच बहुधा घटकांची संख्या असते. निबंधात १२ आणि किटमध्ये २७, तर उरलेल्या १५ घटकांचं काय झालं, हे समीक्षकाने विचारलंच पाहिजे. काही घटक मोजण्याच्या मर्यादेखाली गेले असतील, ते रास्त कारण आहे. पण कोणते आणि किती नमुन्यांत, हे लिहायला हवं. २७ स्वतंत्र तुलनांत योगायोगाने एक तरी सापडण्याची शक्यता ७५ टक्क्यांवर जाते. त्याशिवाय न दिसणारी वळणं असतातच. मूल्यांचा लॉगॅरिदम घेतला की नाही, फार मोठी मूल्यं वगळली की ठेवली, वजनाचा हिशोब धरला की नाही, औषधं सुरू असलेले रुग्ण वेगळे काढले का, स्त्रिया आणि पुरुष वेगळे पाहिले का. प्रत्येक निर्णय एकेकटा समर्थनीय. पण निकाल पाहता पाहता घेतला असेल तर ती प्रत्येक वेळी आणखी एक तुलना आहे. लेखकांनी मुद्दाम काही केलेलं असायची गरज नाही. प्रामाणिक माणसाच्या हातूनही हे घडतं. विश्लेषणाचा आराखडा आधी लिहून ठेवलेला आणि नोंदवलेला असेल तरच या शंकेला उत्तर मिळतं. पत्रातल्या आश्वासनाने ते मिळत नाही.

ही सगळी भीती पुस्तकी वाटत असेल तर सेरोटोनिन वाहक जनुकाची हकीकत आठवावी. १९९६ मध्ये लेश आणि सहकाऱ्यांनी ५०५ माणसांच्या अभ्यासातून या जनुकाच्या एका आखूड रूपाचा संबंध चिंताळू स्वभावाशी जोडला. २००३ मध्ये कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ८४७ तरुणांच्या माहितीवरून सांगितलं की हे रूप असलेल्यांवर आयुष्यातल्या आघातांचा परिणाम जास्त होऊन नैराश्य येतं. कल्पना सुंदर होती: जनुक आणि परिस्थिती, दोन्हींना वाव देणारी. पुढच्या काळात या जनुकावर आणि त्याच्यासारख्या इतर ‘संशयित’ जनुकांवर निबंधांचा पूर आला, आणि त्यांतले कितीतरी मूळ अभ्यासापेक्षाही लहान होते. मनोविकारशास्त्रातल्या जनुक-परिस्थिती अभ्यासांची पहिली दहा वर्षं डंकन आणि केलर यांनी २०११ मध्ये तपासली. नवा शोध मांडणाऱ्या निबंधांपैकी ९६ टक्क्यांत लक्षणीय निकाल होता. तोच शोध पुन्हा पडताळणाऱ्यांत २७ टक्के. मग २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी सर्वाधिक अभ्यासलेली १८ जनुकं घेतली आणि काही विश्लेषणांत चार लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवर ती तपासली. या नामांकित जनुकांचा नैराश्याशी संबंध सहज उचललेल्या इतर जनुकांपेक्षा जास्त निघाला नाही.

त्या पुरातल्या प्रत्येक निबंधाला समीक्षक होते. त्या पत्रांत काय होतं ते आपल्याला दिसत नाही, कारण बहुतेक नियतकालिकं ती छापत नाहीत. नमुन्याच्या आकाराबद्दल कुणीच विचारलं नसेल, हे मात्र मला अशक्य वाटतं.

त्याच क्षेत्राने नंतर जे केलं तेही सांगायला हवं. संपूर्ण जनुकसंच तपासायची वेळ आली तेव्हा तुलना लाखोंनी होत्या, म्हणून उंबरठा ०.०५ ऐवजी पाच भागिले दहा कोटी इतका खाली नेला गेला. २०१३ मध्ये नैराश्याच्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एकत्रित अभ्यासात त्या उंबरठ्याखाली एकही जागा सापडली नाही, आणि तसंच छापलं गेलं. उंबरठा फार कडक आहे अशी सबब सांगून तो सैल केला गेला नाही. रुग्ण वाढवले गेले. २०१८ पर्यंत १,३५,४५८ रुग्ण झाले आणि ४४ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी लहान. लहान नमुन्यात मोठा दिसणारा परिणाम आणि प्रचंड नमुन्यात दिसणारा लहान परिणाम, यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्या कल्पित निबंधाकडे परत येऊ. समीक्षकांचं समाधान करायला लेखक शेवटी बहुधा ‘मर्यादा’ या भागात एक परिच्छेद घालतात: नमुना लहान होता, तुलना अनेक होत्या, निष्कर्ष सावधपणे वाचावेत. शीर्षक तेच राहतं, सारांशही तोच. हा परिच्छेद म्हणजे टोलनाक्यावर भरलेले पैसे आहेत. पावती घेतली की गाडी त्याच वेगाने पुढे जाते. ओपीडीतला डॉक्टर सारांश वाचतो, पुढच्या निबंधाचा लेखक शीर्षकाचा संदर्भ देतो. मर्यादा वाचणारा वाचक विरळा.

समीक्षक कधी दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, नमुना वाढवा. हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पी ०.०३४ आलेलं पाहून आणखी दहा-दहा माणसं घ्यायची, सगळ्यांची पुन्हा एकत्र चाचणी करायची, आणि लक्षणीय राहिलं तर थांबायचं, याने खोट्या शोधाची शक्यता ठरवलेल्या पाच टक्क्यांच्या वर जाते. नवी माणसं घ्यायचीच असतील तर ती वेगळी ठेवावीत, एकच घटक आधी ठरवून जाहीर करावा आणि फक्त नव्या माणसांत तो तपासावा. त्यासाठी ०.३ चा फरक ८० टक्के ताकदीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे १७५ माणसं लागतात. एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकट्याने साधणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. आपल्याकडे २०-३० रुग्णांच्या गटांवर प्रबंध होतात यामागे आळस नसतो. मिळणारा वेळ, किटची किंमत आणि औषध सुरू न केलेला रुग्ण मिळण्यातली अडचण असते. महाराष्ट्रातल्या सात-आठ वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांनी एकच कार्यपद्धती आणि एकच घटक ठरवून तीन वर्षांचे प्रबंध जोडले, तर मात्र तो आकडा आवाक्यात येतो. रक्त साठवण्याची आणि मोजण्याची पद्धत सगळीकडे तंतोतंत सारखी हवी, नाहीतर प्रयोगशाळांमधला फरकच रोगाचा फरक म्हणून दिसेल.

तोवर या लेखकांनी पत्रात काय लिहावं? समीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे, हे आधी. मग सगळ्या तुलनांची संख्या, छापलेल्या आणि न छापलेल्या. घटक एकमेकांशी निगडित असल्यामुळे बॉनफेरोनी गरजेपेक्षा कडक ठरतो, हा त्यांचा मुद्दा रास्त असेल, तर त्याचं उत्तर दुरुस्ती टाळणं हे नाही. ४० माणसांवरची ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ ही लेबलं संगणकाने दहा हजार वेळा यदृच्छेने फिरवावीत, दर वेळी बाराही तुलना कराव्यात आणि त्यांतलं सर्वांत लहान पी-मूल्य टिपावं. दहा हजारांपैकी किती वेळा ते ०.०११ किंवा त्याहून कमी आलं, तो या शोधाचा खरा पी. घटकांमधली नाती लेबलं फिरवल्यावरही तशीच राहतात, म्हणून ही दुरुस्ती विनाकारण कडक होत नाही. उत्तर ०.०८ येवो की ०.१२, तेच सारांशात जावं.

शीर्षकातून दोन घटकांची नावं काढावीत आणि तिथे एवढंच ठेवावं की नैराश्यातल्या बारा दाहघटकांचा हा प्राथमिक अभ्यास आहे. ‘निदानासाठी उपयोगी’ हे शब्द पूर्ण जावेत. २० रुग्णांवरून निदानाबद्दल काही बोलता येत नाही. आणि मुख्य निबंधातच, पुरवणीत नव्हे, बाराही घटकांचा तक्ता द्यावा: प्रत्येक गटाची सरासरी, प्रमाण विचलन, किती नमुने मोजता आले, फरक आणि त्याचा अंतराल. दहा घटकांत काही दिसलं नाही म्हणून ते आकडे गाळले, तर पाच वर्षांनी असे तीस अभ्यास एकत्र करणाऱ्याच्या हाती फक्त ०.८४ लागेल आणि त्याची सरासरीही फुगेल. त्याच्या हाती उत्तराचं पत्र पडत नाही. तक्ता पडतो.